राग निवळण्याची शांतता आणि शिक्षेचा अबोला

नवऱ्याने किंवा बायकोने एखाद्या किरकोळ वादानंतर अबोला धरला की आपल्याकडे दोन सल्ले तयार असतात. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "राग आहे, दोन दिवसांत निवळेल, तू मनाला लावून घेऊ नकोस." मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिलेली मंडळी म्हणतात, "हा सरळसरळ मानसिक छळ आहे." कुटुंब समुपदेशनाच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि मला हे दोन्ही सल्ले उतावीळ वाटतात. दोघेही गप्प बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून निकाल देतात, आणि पहिल्या तासा-दोन तासांत तर तो चेहरा दोन्ही प्रकारांत अगदी सारखाच असतो. खरा फरक दिसतो तो पुढच्या दिवसांत, आणि सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो अबोला सुटताना.

आधी शरीराचे पाहू, कारण गप्प होण्याची गरज खोटी नसते. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना समोरासमोर बसवून, त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेत, प्रत्यक्ष वाद घालायला लावले. त्यांचे निरीक्षण असे की ठोके मिनिटाला शंभरच्या पुढे गेले की माणसाला समोरचा काय म्हणतो ते नीट ऐकू येत नाही. बाहेरून दगडासारखा निश्चल दिसणारा नवरा आतून अक्षरशः धडधडत असतो. एका प्रयोगात त्यांनी वाद मध्येच थांबवला, यंत्रे दुरुस्त करायची आहेत असे सांगितले आणि जोडप्यांना अर्धा तास मासिके चाळायला दिली. त्यानंतर तोच विषय पुन्हा काढला, तेव्हा ठोके उतरलेले होते आणि बोलणेही पुष्कळ सौम्य झाले होते. म्हणून शरीर ताळ्यावर यायला किमान वीस मिनिटे द्यावीत आणि ही विश्रांती एका दिवसापेक्षा लांबवू नये, असा त्यांचा सल्ला आहे.

मग कोणाची वीस मिनिटे चार दिवस का होतात? त्याचे एक कारण अगदी साधे आहे: माणूस गप्प असतो, पण मनात भांडण चालूच असते. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 सालच्या प्रयोगात, ज्याने चिडवले त्याच माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला आणि काहीही न करता नुसते बसून राहिलेल्यांचा सर्वांत कमी. "ती मला असे म्हणालीच कशी" हे वाक्य दिवसभर घोळवणारा माणूस स्वतःचा राग रोज ताजा करत असतो. याला मी अजून शिक्षा म्हणणार नाही. पण शिक्षेकडे जाणारी वाट बहुधा येथूनच फुटते, कारण तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येते की आपल्या गप्प बसण्याने समोरची व्यक्ती कासावीस झाली आहे, आणि ते लक्षात आल्यानंतरही तो गप्प राहतो.

एक प्रकरण सांगते. तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. ठाण्याकडचे जोडपे, दोघेही नोकरी करणारे, सात वर्षांची मुलगी. विजेचे बिल भरायचे राहून गेले होते. रविवारी तिचा भाऊ जेवायला आला असताना ती सहज म्हणाली, "यांना तीनदा आठवण केली, तरी राहिलंच." नवरा हसला, जेवण झाले, भाऊ गेला आणि त्या रात्रीपासून अबोला सुरू झाला. सोमवारी सकाळी तिने भरलेला डबा ओट्यावर तसाच राहिला. संध्याकाळी बाल्कनीत उभा राहून तो मित्राशी फोनवर खळखळून हसत होता. ती चहा घेऊन गेली तेव्हा हसणे थांबले आणि कप कठड्यावर ठेवून घेतला गेला. मंगळवारी मुलीमार्फत निरोप सुरू झाले. "आईला सांग, मला उशीर होणार आहे," हे तो बोलला तेव्हा आई त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, कपड्यांच्या घड्या घालत होती. बुधवारी तिने माफी मागितली. गुरुवारी पुन्हा मागितली, आता भावाला बोलावल्याबद्दलसुद्धा. शनिवारी ती रडली, "माझंच सगळं चुकतं" असे म्हणाली, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला: "बरं, चहा टाक."

बिलाचा विषय, किंवा भावासमोर बोलल्याचा विषय, त्यानंतर कित्येक महिने निघाला नाही.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातले निर्णायक वाक्य "चहा टाक" हेच आहे. राग निवळण्यासाठी घेतलेली शांतता बोलण्यावर संपते. माणूस परत येतो आणि कितीही वेडेवाकडे का होईना, "तू त्याच्यासमोर बोललीस ते मला लागलं" एवढे तरी म्हणतो. शिक्षेचा अबोला शरणागतीवर संपतो, आणि तो संपला की मूळ विषयाची गरजच उरत नाही, कारण जे मिळवायचे होते ते मिळालेले असते. तिने माफी मागितली ती नेमकी कशाची, हे त्या दोघांपैकी एकालाही सांगता आले नसते.

फोनवरचे हसणे हा दुसरा पुरावा. खरोखर भंजाळलेला माणूस सगळ्यांशीच तुटकपणे वागतो. त्याला मित्राचा फोनही नको असतो. एकाच व्यक्तीसाठी बंद आणि इतरांसाठी उघडे, तेही तिला ऐकू जाईल अशा ठिकाणी उभे राहून, असा अबोला दाखवण्यासाठी असतो. अर्थात, कार्यालयात किंवा पाहुण्यांसमोर सगळेच उसने हसू आणतात, त्यामुळे केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मुलाला निरोप्या करणे मात्र मी कोणत्याही परिस्थितीत साधा राग मानत नाही. ज्याला खरेच बोलवत नाही तो फ्रिजवर चिठ्ठी लावतो किंवा दोन शब्दांचा मेसेज करतो. लेकराच्या तोंडून बोलणाऱ्याला प्रेक्षक हवा असतो.

आणि हे सहन करणाऱ्या माणसाला इतके का लागते, असे विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. किपलिंग विल्यम्स या संशोधकाने संगणकावर चेंडू फेकाफेकीचा एक साधा खेळ तयार केला, ज्यात काही वेळाने बाकीचे खेळाडू तुमच्याकडे चेंडू टाकणेच बंद करतात. अनोळखी खेळाडूंनी केलेल्या या दुर्लक्षानेही माणसे खट्टू झाली. इतकेच नव्हे, तर समोर माणसे नसून संगणकच खेळत आहे, असे आधी सांगितलेल्यांनाही ते लागले. तेव्हा रोज एका ताटाशेजारी बसणाऱ्या माणसाने पाच दिवस नजर टाळली तर बायको "फारच हळवी" आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू, जी अशा पोस्टींमध्ये बहुधा येत नाही. काही घरांत गप्प बसणाऱ्याला गप्प बसू दिलेच जात नाही. तो आतल्या खोलीत गेला की ती मागोमाग जाते, दार लावले की दारावर थापा, घराबाहेर पडला की अर्ध्या तासात पंधरा मेसेज आणि शेवटी सासूबाईंना फोन. (भूमिका उलट असलेली घरेही मी पुष्कळ पाहिली आहेत, अबोल्यात बायका मागे नाहीत.) एकजण जितका मागे लागतो तितका दुसरा आत ओढला जातो आणि तो जितका आत जातो तितका पहिला अधिक मागे लागतो. जो तासाभरात सावरला असता, त्याला सावरायला जागाच न मिळाल्याने दोन दिवस लागतात. अशा ठिकाणी "मला शिक्षा करतो" ही तक्रार प्रामाणिक असली तरी अपुरी असते.

तिसराही प्रकार आहे आणि तो वेगळाच ठेवला पाहिजे: बोलले की आरडाओरडा होतो किंवा हात उगारला जातो म्हणून गप्प राहणारी व्यक्ती. ते स्वसंरक्षण आहे. तिला "मन मोकळे कर" असे सांगणे धोक्याचे ठरू शकते.

वरच्या जोडप्याकडे परत येते. ती एकटीच माझ्याकडे येत होती, तो आला नाही. सगळे सुरळीत असताना, एका रात्री जेवणानंतर, तिने त्याच्याशी एवढेच ठरवून घेतले की ज्याला थांबायचे असेल त्याने तसे सांगायचे, पुन्हा कधी बोलायचे तेही सांगायचे, आणि ती वेळ आली की ज्याने थांबवले त्यानेच विषय काढायचा. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण एरवी अबोला सोडवण्याचे काम नेहमी दुसऱ्यावर पडते. मागे न लागण्याचे तिने कबूल केले. तो "बरं" म्हणाला, फारशा उत्साहाने नाही.

पुढचा वाद मुलीच्या गॅदरिंगच्या खर्चावरून झाला आणि ठरलेले असूनही नवरा काहीही न सांगताच गप्प झाला. या वेळी तिने एकदाच सांगितले: "मी बोलायला तयार आहे. उद्या रात्री ही झोपल्यावर बोलू या. तोपर्यंत मी विचारणार नाही." त्यानंतर तिने विनवणी केली नाही, तोंडही पाडले नाही, डबा भरला, तो नेला नाही तेव्हा संध्याकाळी काही न बोलता रिकामा केला, आणि मुलगी निरोप घेऊन आली तेव्हा तिला म्हणाली, "बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर मी इथेच आहे, तू खेळायला जा." ठरलेल्या रात्री तो बोलला नाही. त्याच्या पुढच्या रात्री बोलला, घुश्शातच, आणि तेव्हा कित्येक महिन्यांपूर्वीचे ते बिल बाहेर आले: "तुझ्या भावासमोर माझी लाज काढलीस." तिला ते तोवर खरोखरच माहीत नव्हते. त्या वाक्याची तिने माफी मागितली, फक्त त्याच वाक्याची. आणि पाच दिवस लेकीमार्फत बोलण्याबद्दल त्याने काहीतरी म्हणावे, अशी अपेक्षाही तिने व्यक्त केली. ते त्याने अजून म्हटलेले नाही. अबोला मात्र आता एका रात्रीच्या पुढे सहसा जात नाही.

सगळीकडे असे होत नाही. विनवण्या थांबल्या की काही माणसे पुढची पायरी गाठतात: घरखर्चाचे पैसे थांबतात, फोन उचलले जात नाहीत, माहेरच्यांना परस्पर काहीबाही कळवले जाते. तेथे प्रश्न राग आवरण्याचा राहिलेला नसतो, आणि वेळ ठरवून बोलण्याचा उपाय तेथे चालत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात भावनिक छळ आणि आर्थिक छळ हे दोन्ही शारीरिक मारहाणीइतकेच स्पष्टपणे नमूद आहेत, आणि महिलांसाठीच्या 181 या मदत क्रमांकावर चौकशी केली म्हणजे लगेच घर मोडले, असे होत नाही. तेथे फोन करताना "ते मारत नाहीत हो, फक्त बोलत नाहीत" असे म्हणून अनेकजणी संकोचतात. त्यांनी पैसे कधी थांबले, किती दिवस थांबले आणि मुलांना मध्ये कसे घातले गेले, हे तारखांसह लिहून जवळ ठेवावे आणि सांगताना त्याच क्रमाने सांगावे.