उत्पन्न किती लिहू?

शाळेचा प्रवेशअर्ज आला की आधी ओटीवर सभा भरवा. घरात एकाला जरी वेगळी जन्मतारीख आठवत असेल, तर ती शाळेत गेल्यावर नको, आताच बाहेर यायला हवी.

वडिलांच्या व्यवसायात 'शेती' लिहू नका, 'आंबा बागायतदार' लिहा. सातबारा सामाईक आहे आणि त्यावरची निम्मी नावं परळ-लालबागला राहतात, हे तिथे कोणी विचारत नाही. आईच्या पुढे 'गृहिणी' लिहा. ती गोठा करते, काजूच्या बिया वेचते, मे महिन्यात पेट्या भरते आणि पावसाआधी आमसुलं सुकवते, पण रकाना तेवढाच आहे.

भावंडं म्हणजे फक्त सख्खी. एका ताटात जेवणारा चुलतभाऊ त्याच शाळेत असला तरी मोजू नका.

जन्मदाखल्याचा शोध मात्र गावातल्या ग्रामपंचायतीपासूनच सुरू करा, कारण तो तिथे नसणार. सूनबाई बाळंतपणाला माहेरी देवगडला गेल्या, ऐनवेळी रत्नागिरीच्या दवाखान्यात हलवलं, आणि घर आहे गुहागर तालुक्यात. जन्माची नोंद जन्म झाला तिथेच होते, म्हणजे रत्नागिरी नगरपरिषदेत. तिथे पोचल्यावर दाखल्यावर बाळाचं नावच नाही असं दिसेल. बारशाला आत्याने ठेवलेलं नाव नगरपरिषदेला कळवायचं राहून गेलेलं असतं. पहिल्या बारा महिन्यांत नाव फुकट घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तुम्ही अर्थातच शुल्काची वाट पाहिली. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. ते खिडकीवर मात्र बोलू नका, पुढच्या वेळी साहेब जेवायला गेलेले असतील.

आता उत्पन्न. गेल्या हंगामात आंब्याचे 2 लाख 40 हजार आले. फवारणी आणि खतात 70 हजार गेले, राखण-मजुरीत 50, पेट्या, गाडीभाडं आणि वाशीच्या आडतीत 30. हाती उरले 90 हजार. खासगी शाळेचा अर्ज असेल तर 2 लाख 40 हजार लिहा, म्हणजे फीचा हप्ता बुडणार नाही असं वाटून बाई गोड हसतात. 25 टक्के राखीव जागांचा अर्ज असेल तर मर्यादा 1 लाखाची, तिथे 90 हजार लिहा. दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त एका टेबलावर येऊ देऊ नका.

यावर तहसीलदारांचा दाखला लागतो आणि त्याआधी तलाठ्याचा अहवाल. तलाठीभाऊ बागेत येतील तेव्हा मोहोर नुकताच आलेला असावा. तुडतुडे पडल्यावर बोलावलंत, तर यंदाचं उत्पन्न शून्य लिहून घेतील, आणि शून्यावर माणूस जगतो कसा, याचं स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागेल. दाखला हाती आला की तारीख बघा, 31 मार्चपर्यंतच चालेल. आंब्याचा खरा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, तेव्हा तुम्ही पुन्हा सेतूच्या रांगेत असाल. जाताना पायरीच्या चार फोडी डब्यात घ्या, रांग लांब असते.