नव्या विक्रेत्यांसाठी खुलासा: कणीक धुतल्यावर उरणारा ‘रबर’

“तुमच्या आट्यात प्लॅस्टिक आहे, धुतल्यावर च्युइंगमसारखा गोळा राहतो. व्हिडिओत दाखवलंय!”

नमस्कार, गिरणीच्या विक्रेत्यांत आपलं स्वागत. पहिल्याच आठवड्यात हे ऐकावं लागेल. तो गोळा म्हणजे गव्हातलं प्रथिन, ग्लुटेन. पाण्यात स्टार्च वाहून जातो, ग्लुटेन विरघळत नाही. पोळी लाटताना फाटत नाही ती त्याच्यामुळेच.

गिऱ्हाइकाला घरचे गहू चक्कीवर दळून आणायला सांगा. पन्नास ग्रॅम पीठ घट्ट मळून, थोडा वेळ ठेवून, बारीक धारेखाली धुवा. तसाच गोळा निघेल. ज्वारीच्या पिठातून निघणार नाही. गोळा वाळवून जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो.

वाद नको म्हणून फोडलेली पिशवी परत घेऊ नका. दहा किलोची पिशवी आपल्याला ३८० रुपयांना पोच, विक्री ४१०ला. म्हणजे एक पिशवी बुडाली की जवळजवळ तेरा पिशव्यांचं मार्जिन गेलं. कीड, कुबट वास किंवा दाताखाली कचकच लागली तर मात्र बॅच नंबर कळवा. ती पिशवी, फोडलेली असली तरी, आम्ही बदलून देऊ.