शतावरी, ‘डिप्रेशनची गोळी’ आणि आमच्या जाऊबाई : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “ताई, वाफा येतात म्हणून बाईला चक्क डिप्रेशनची गोळी? माझ्या बहिणीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, तिला पण हीच लिहून दिली होती, मी फेकून दिली. शतावरी कल्प आणि नाचणी-दूध चालू केलंय, बरं वाटतंय तिला. आपल्या आज्या काय हाडांसाठी सलाईन लावून घेत होत्या का? तुम्ही मेडिकलवाले, गोळ्या विकणारच.”

ताई, विकायचंच म्हटलं तर मला शतावरी कल्पाच्या डब्यात जास्त सुटतं हो, त्या गोळीच्या स्ट्रिपमध्ये फारसं काही नाही. गंमत सोडा. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, पण इंदिरानगरला काउंटरमागे बरीच वर्षं उभी आहे आणि हे सगळं घरातच बघितलंय, आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या बाबतीत.

जाऊबाई ५८ वर्षांच्या, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, अंगातलं इस्ट्रोजन हार्मोन बंद करणारी लेट्रोझोल २.५ ची गोळी रोज चालू. डिसेंबरातली नाशिकची थंडी, आम्ही सगळे गोधडीत आणि ह्या रात्री तीन वाजता पंखा लावून पदराने मान पुसत बसलेल्या. अचानक अंग तापून घाम फुटायचा, अशा दिवसाला नऊ-दहा वाफा. मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक वाफेला एक रेघ मारायला सांगितलं, कारण ‘बरं वाटतंय’ याचा काही भरवसा नसतो. २००० साली एक अभ्यास छापून आला होता, ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांवरचा, त्यात नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा त्रास पण चार आठवड्यांत २७ टक्के कमी झाला. व्हेन्लाफॅक्सिन, म्हणजे तुमची ती ‘डिप्रेशनची गोळी’, ७५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा ६१ टक्के. म्हणजे तुमच्या बहिणीला शतावरीने बरं वाटतंय ते खोटं नाही, पण तेवढं कशानेही वाटलं असतं.

आणि शतावरीचं मला एक कळत नाही. ती इस्ट्रोजनसारखं काम करत असेल तर ज्या बाईची गाठ इस्ट्रोजनवर पोसली जाते तिला ती कशाला द्यायची? आणि करत नसेल तर मग घ्यायची कशाला? सोयाच्या कॅप्सूलचं पण तेच.

आता ‘डिप्रेशनची गोळी’. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा असते, इस्ट्रोजन गेलं की ती फार हळवी होते, जरा ऊब वाढली की तिला वाटतं अंग तापलंय, की लगेच घाम सोडते. व्हेन्लाफॅक्सिन त्या जागेला शांत करतं, मन उदास असण्याशी संबंध नाही. जाऊबाईंना सकाळी खाल्ल्यावर ३७.५ एक आठवडा आणि मग ७५. पहिले चार दिवस मळमळलं, तोंड कोरडं पडलं. बीपी वाढू शकतं म्हणून दर आठवड्याला मोजत होतो. तिसऱ्या आठवड्यात रेघा चारवर आल्या. पूर्ण गेल्या नाहीत, पण रात्रीची झोप लागायला लागली.

घोळ झाला तो दिवाळीत. माहेरी निफाडला गेल्या, स्ट्रिप इथेच राहिली, दोन दिवसांत चक्कर आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवतात. तुम्ही फेकलीत तेव्हा बहिणीने ती सुरू केलेली असेल आणि तिला असं काही झालं असेल तर ते यामुळे.

ज्यांना वाफा मुख्यतः रात्री येतात त्यांना डॉक्टर गॅबापेन्टिन झोपताना देतात, त्याने सकाळी थोडी गुंगी राहते. फेझोलिनेटन्ट म्हणून नवीन गोळी अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाली, ती थेट त्या तापमानाच्या जागेवरच काम करते, पण तिला लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात.

पण एक सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावरून मी मागे एकदा प्रिस्क्रिप्शन हातात धरून डॉक्टरांना फोन केलेला आहे. बाई टॅमॉक्सिफेन या ब्रेस्ट कॅन्सरच्या गोळीवर होती आणि दुसऱ्या डॉक्टरांनी वाफांसाठी पॅरोक्सेटिन ही दुसरी डिप्रेशनची गोळी लिहिली होती. लिव्हरमधलं एक एन्झाइम टॅमॉक्सिफेनचं खऱ्या कामाच्या औषधात रूपांतर करतं, आणि पॅरोक्सेटिन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. फ्लुओक्सेटिन पण. वाफा कमी होतात आणि कॅन्सरची गोळी अर्धवट काम करते, बाईला काही कळतही नाही. व्हेन्लाफॅक्सिन त्या एन्झाइमला फारसं छेडत नाही म्हणून टॅमॉक्सिफेनबरोबर तेच देतात. डॉक्टरांनी लगेच बदलून दिलं, चिडले वगैरे नाहीत.

आता हाडं. वाफा थांबल्या म्हणजे हाडं वाचली असं नसतं, व्हेन्लाफॅक्सिन हाडांना काहीही करत नाही. आणि आज्यांचं म्हणाल तर त्या लेट्रोझोल घेत नव्हत्या हो! पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत थोडं इस्ट्रोजन बनत राहतं, आजीला तेवढा तरी आधार होता. लेट्रोझोल तेही बंद करतं, त्यासाठीच ते देतात. मग हाड भराभर झिजतं आणि दुखत मात्र नाही, कळतं ते हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये नाहीतर हात मोडल्यावर. टॅमॉक्सिफेनचं उलट आहे, पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना ते थोडं जपतं.

जाऊबाईंच्या डेक्सात मणक्याचा टी-स्कोअर उणे २.३ आला, म्हणजे हाडं बरीच विरळ झालेली. नाचणी-दूध मी पण देते, वाईट नाहीच. दोन नाचणीच्या भाकऱ्यांत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, एक पेला दुधात अडीचशेच्या आसपास, वाटीभर दही धरलं तर सातशे-आठशे होतं. लागतं १२००. उरलेल्यासाठी एक ५०० ची गोळी पुरते, दोन-तीन खायची गरज नाही. पण कॅल्शियम म्हणजे नुसत्या विटा, लेट्रोझोलमुळे जी भिंत पाडली जातेय ते पाडणं त्याने थांबत नाही. ते थांबवायला हाडाची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिड, ४ मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी, सलाईनमधून, निदान पंधरा मिनिटं तरी लावून.

लगेच नाही लावलं. व्हिटॅमिन डी ११ निघालं होतं, ते कमी असताना हे इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. म्हणून आधी आठ आठवडे, आठवड्याला ६०,००० चं एक सॅशे. किडनीसाठी क्रिएटिनिन बघितलं. आणि दाताच्या डॉक्टरांकडे, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. त्यांची एक किडलेली दाढ होती, ती आधी काढून जखम भरू दिली. पहिल्या डोसनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप आणि अंगदुखी, जाऊबाई घाबरल्या, पॅरासिटामॉल घेतलं, दोन दिवसांत उतरलं. पुढच्या वेळेस जवळजवळ काहीच झालं नाही.

कोणी दर सहा महिन्यांनी पोटावर टोचून घ्यायचं डेनोसुमॅब हे हाडांचं इंजेक्शन सुचवलं तर तेही चांगलं आहे, पण त्याची तारीख चुकवायची नाही आणि मनाने बंद तर मुळीच करायचं नाही, बंद केल्यावर हाड उलट वेगाने झिजतं आणि मणके दबतात. ते सोडताना मागून दुसरं औषध द्यावं लागतं.

तर ताई, बहिणीची स्ट्रिप बघून एवढं सांगा, टॅमॉक्सिफेन आहे की लेट्रोझोल, किंवा त्याच्याच जातीचं ॲनास्ट्रोझोल? आणि डेक्सा कधी झालाय का? झाला नसेल तर पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना विचारायचं, आणि फेकलेल्या गोळीचं आणि शतावरीचंही तिथेच सांगून टाका, लपवू नका.