नुसतं hi आलं तर

मेव्हण्यानं कोल्हापुरातल्या चप्पल लाइनीतल्या दुकानासाठी चॅटवर उत्तरं देणारा मदतनीस बसवला आणि तो तपासायचं काम माझ्या गळ्यात घातलं. "दाजी, तुमी मोकळंच असताय की," एवढीच माझी पात्रता.

वहीत सहा संदेश लिहिले. प्रत्येकासमोर उत्तर कसं यायला हवं तेही आधीच लिहून ठेवलं. नाहीतर उत्तर वाचल्यावर माणूस 'चालतंय की' म्हणून बरोबरची खूण करून मोकळा होतो. दर संदेशाला नवी चॅट, कारण जुनीत मागचं बोलणं उत्तराला चिकटतं. शिवाय प्रत्येक तीनदा, कारण हा गडी एकाच गोष्टीला दर वेळी वेगळं बोलतो.

पहिला `hi`. यानं कापशी चपलेपासून पॉलिशच्या डबीपर्यंत अख्खं दुकान माझ्या अंगावर ओतलं. मग सूचना घातली: अभिवादन आलं की एका ओळीत अभिवादन कर आणि काय हवं ते विचार. तिन्ही वेळा शहाण्यासारखा वागला. मी चहा सांगितला.

चहा यायच्या आत `hi bhava, kapashi 9 number aahe ka` पाठवलं. सकाळी याच संदेशाला त्यानं मापासकट नीट उत्तर दिलं होतं. आता गोड नमस्कार करून काय हवंय म्हणून विचारलं, तेही हिंदीत! अरे बाबा, नऊ नंबर हवाय! `hi` दिसलं की पुढचं वाचायचंच नाही, असा अर्थ त्यानं माझ्या सूचनेतून काढला होता. म्हणून 'संदेशात नुसतं अभिवादनच असेल तर' असं केलं. इंग्रजी अक्षरांतल्या मराठीलाही मराठीतच बोल, हेही बजावलं. त्या एका 'नुसतं'पायी दुपार गेली. तेव्हापासून सूचनेतला एक शब्द हलला, की सगळे संदेश पुन्हा.

मौनाची परीक्षा सोपी वाटली होती. पण रिकामा संदेश पाठवायचं बटणच उमटेना. मग तुटलेल्या अंगठ्याच्या चपलेचा फोटो पाठवला, खाली अक्षर नाही. याला फक्त मजकूर वाचता येतो, म्हणजे त्याच्या लेखी मी गप्पच. त्यानं तुटक्या चपलेचं हार्दिक स्वागत केलं! फोटो दिसत नाही, दोन शब्द लिहा, एवढं म्हणायला शिकवलं.

वहीत 🙏 समोरची जागा मात्र रिकामीच राहिली. सासरे म्हणाले, नमस्कार. मेव्हणा म्हणाला, आभार. बायको म्हणाली, भाव ऐकून 'नको बाबा'. तिघंही बरोबर, आधी काय बोलणं झालंय त्यावर सगळं. म्हणून 🙏 दोनदा घेतला, एकदा सुरुवातीलाच आणि एकदा भाव सांगून झाल्यावर. भावानंतरच्या हात जोडण्याला यानं पुन्हा पहिल्यापासून स्वागत सुरू केलं. तेही सुधारलं.

रात्री सातही संदेश तीन-तीनदा पास झाल्याचं मेव्हण्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, `🙏`.

मी फोनच लावला.