ओळखीच्या मेलमध्ये पहिला रिप्लाय कुणी करायचा ते लिहा

"सर, या ताई आपल्याच आहेत, फार धडपड्या आहेत. ताई, सर या क्षेत्रातलं मोठं नाव. आता तुम्ही दोघं बोलून घ्या."

ओळख करून देणारे बहुतेक मेल असेच असतात, आणि त्यातले बरेचसे तिथंच मरतात. वाईट कुणाच्याच मनात नसतं. ताईंना वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाला आपण होऊन कसा फोन करावा, त्यांचा निरोप आला की बोलू. सरांना वाटतं, गरज त्यांची आहे, त्या करतील फोन. मेल पाठवणारा समजतो, आपलं काम झालं. दोन महिन्यांनी कुठल्यातरी लग्नात तिघं भेटतात आणि प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याबद्दल थोडी नाराजी असते.

माझं म्हणणं असं की दोष त्या दोघांच्या संकोचाचा नाही, मेलचा आहे. आपल्या मराठवाड्यात वय, पद आणि नातं बघूनच माणूस पुढं होतो की मागं राहतो. ते गृहीत धरूनच मेल लिहावा लागतो. भेट कशासाठी आणि आधी कुणी हलायचं, हे ज्या मेलमध्ये नाही तो अर्धाच मेल.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, औसा तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि तिच्या अध्यक्ष एक ताई आहेत. कंपनीनं मिनी डाळ मिल टाकली. क्विंटलभर तुरीतून 66 किलो डाळ मिळते, तुकडा आणि चुरी जास्त पडते. तेल-पाणी लावून वाळवल्यावरही काही दाण्यांचं टरफल सुटत नाही, म्हणून तो माल पुन्हा टरफल काढणाऱ्या रोलवर घालावा लागतो आणि दुसऱ्या फेरीत तुकडा आणखी वाढतो. तिकडे संभाजीनगरला डाळ प्रक्रियेच्या यंत्रांवर सल्ला देणारे एक इंजिनिअर आहेत. तुम्ही दोघांना ओळखता. ताई म्हणतात, "सरांशी ओळख करून द्या ना."

लगेच मेल लिहायला बसू नका. सोयरीक जमवणारा मध्यस्थ सुद्धा पाहण्याचा कार्यक्रम ठरवण्याआधी दोन्ही घरी वेगवेगळं विचारून येतो. इथं ताईंचा होकार आहेच, कारण मागणी त्यांची. विचारायचं आहे ते सरांना, कारण वेळ त्यांचा जाणार आहे. आणि विचारण्याचा मजकूर तुम्ही लिहायचा नाही, ताईंकडून लिहून घ्यायचा. पाच-सहा ओळी: आम्ही कोण, अडचण काय, आजवर काय करून पाहिलं, तुमच्याकडून नेमकं काय हवं. याचे दोन फायदे आहेत. तुमच्या शब्दांत गेलं की अडचणीचा तपशील हमखास गळतो. तुमच्या लेखी 'डाळ नीट निघत नाही' एवढंच असतं, इंजिनिअरला मात्र टरफल सुटत नाही की दाणा फुटतो यावरून अर्धं उत्तर कळतं. दुसरा फायदा असा की पाच ओळी लिहायला जो आठ दिवस लावतो, तो भेटीची तयारी कशी करील हे तुम्हाला आधीच दिसतं.

तो मजकूर सरांना एकट्यांना पाठवा आणि खाली नकाराची वाट मोकळी ठेवा: "सध्या जमत नसेल तर तसं सांगा, मी ताईंना कळवीन." मग खरंच नकार आला तर ताईंना फक्त "सरांना या हंगामात वेळ नाही" एवढं सांगायचं. कारणांची चिरफाड नको. न विचारता दोघांना एका मेलमध्ये ओढलं की सरांना नाही म्हणता येत नाही. मग ते गप्प राहतात, आणि तो गप्पपणा ताईंना अपमान वाटतो.

होकार आल्यावर दोघांनाही एक प्रश्न विचारा: "कोणता मेल तुम्ही स्वतः वाचता?" आपल्याकडे व्हिजिटिंग कार्डावरचा मेल पुष्कळदा अकाउंटंट, मुलगा नाहीतर सीएच्या ऑफिसातला मुलगा उघडतो. कंपनीच्या सरकारी कागदांसाठी काढलेला पत्ता वर्षातून दोनदा बघितला जातो. निम्मे मेल तिथंच पडून असतात.

आता मेल. विषयाच्या जागी नुसतं 'ओळख' लिहू नका. आधी दोघांची आडनावं, मग काम: 'डाळ मिल, औसा: तुकडा जास्त पडतो, त्याबाबत.' महिन्याभरानं कुणी शोधायला बसलं तर सापडलं पाहिजे. दोघांचेही पत्ते 'टू'मध्ये. एकाला सीसीत टाकलं की तो समजतो, आपल्याला नुसतं माहितीसाठी पाठवलंय. मजकूर साधारण असा:

"नमस्कार सर, नमस्कार ताई,

तुमच्या दोघांच्या होकारानंतर हा मेल पाठवत आहे.

सर, ताई औसा तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्ष आहेत. त्यांच्या मिनी डाळ मिलमध्ये क्विंटलमागे 66 किलो डाळ निघते, तुकडा जास्त पडतो आणि काही माल दोनदा रोलवर घालावा लागतो. दाण्यातला ओलावा अजून मोजलेला नाही. मी मिल पाहिली आहे. हिशोबाच्या वह्या पाहिलेल्या नाहीत.

ताई, सर डाळ प्रक्रियेच्या यंत्रांवर सल्ला देतात. रोल आणि वाळवणी ही दोन्ही कामं त्यांच्या रोजच्या हाताखालची. यंत्र विकणं हे त्यांचं काम नाही.

बोलण्यातून एवढंच ठरावं: दोष रोलमध्ये आहे की वाळवणीत, आणि सरांनी मिलवर येण्याची गरज आहे का. पहिला अर्धा तास सर फोनवर विनामूल्य देणार आहेत. मिलवर यायचं ठरलं तर फी आणि प्रवासखर्च आधी बोलून घ्यावा.

ताई, सुरुवात तुम्ही करायची. गुरुवार संध्याकाळपर्यंत याच मेलला 'रिप्लाय ऑल' करून पुढच्या आठवड्यातल्या दोन वेळा आणि तुमचा फोन नंबर कळवा. सोबत यंत्रावरच्या पाटीचा फोटो, मागच्या तीन लॉटचा हिशोब (तूर किती, डाळ, तुकडा, चुरी किती) आणि टरफल न सुटलेल्या दाण्यांचा फोटो जोडा.

सर, तोपर्यंत तुम्हाला काही करायचं नाही. ताईंनी दिलेल्या वेळांतली एक पक्की करा."

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी ओळ म्हणजे "सर, तोपर्यंत तुम्हाला काही करायचं नाही." एकाला काम सांगणं पुष्कळांना जमतं, दुसऱ्याला मोकळं करणं सुचत नाही. ती ओळ नसली तर सरांना वाटत राहतं, आपण फोन न करणं उद्धटपणा दिसेल का. असली तर ते निवांत, आणि ताईंनाही कळतं की समोरून फोन येणार नाही.

वार का लिहायचा? 'सवडीनं करा' म्हटलं की डाळ मिलच्या हंगामात सवड होतच नाही. तूर बाजारात यायला लागल्यावर ताई पहाटेपासून मिलवर असतात. दोन-तीन कामाचे दिवस पुरेत. त्याहून लांबची मुदत म्हणजे विसरण्याची सोय.

पैशाची ओळ लिहायला आपल्याला लाज वाटते. पण ती टाळली की एकजण फुकट सल्ल्याच्या आशेनं येतो आणि दुसरा कामाच्या आशेनं. औसा ते संभाजीनगर हा काही तासाभराचा रस्ता नाही. येणाऱ्याचा आख्खा दिवस जातो, तो कुणाच्या खर्चानं जाणार हे आधी कळलेलं बरं.

आणि 'आपलाच माणूस आहे' हे वाक्य मेलमध्ये नको. त्यातून काहीच माहिती मिळत नाही, उलट समोरच्यावर भीड पडते. त्याऐवजी तुम्ही काय पाहिलंय आणि काय पाहिलेलं नाही ते लिहा. वरच्या मेलमधलं "वह्या पाहिलेल्या नाहीत" वाचून सर आकडे स्वतः तपासतील. उद्या हिशोब चुकीचा निघाला तरी तुमच्या शब्दाला धक्का नाही. फोन नंबर मागणाऱ्याचाच जातो. सरांचा नंबर त्यांनी सांगितल्याशिवाय टाकायचा नाही.

आता मेलच्या बटणांचा एक घोळ. ताईंनी मोबाईलवर मेल उघडून साधा 'रिप्लाय' दाबला, तर उत्तर फक्त तुम्हाला येतं, कारण मेल तुमच्याकडून आलेला असतो. ताई समजतात सरांना कळवलं, सर समजतात ताई विसरल्या. म्हणून मेलमध्ये 'रिप्लाय ऑल' हे शब्द लिहायचेच. ताईंचं उत्तर आलं की सरांचा पत्ता वर आहे का एवढं बघा. नसेल तर तुम्ही फॉरवर्ड करू नका, ताईंनाच पुन्हा पाठवायला सांगा. तुम्ही फॉरवर्ड केलं की सरांचं उत्तर परत तुमच्याकडेच येणार, आणि तुम्ही पोस्टमन झालात.

ज्यांना सवय आहे ते पहिल्या उत्तरात ओळख करून देणाऱ्याला बीसीसीत टाकतात आणि वर एक ओळ लिहितात, "ओळखीबद्दल आभार, तुम्हाला बीसीसीत घेत आहे." त्यानं तुम्हाला कळतं की बोलणं सुरू झालं, आणि पुढची वेळ-काळाची ये-जा तुमच्याकडे येत नाही, कारण नंतरच्या 'रिप्लाय ऑल'मध्ये बीसीसीतला पत्ता धरला जात नाही. तुम्ही बीसीसीत असाल तर मध्येच 'रिप्लाय ऑल' करून शाबासकी देऊ नका. मूळ मेल पाठवताना मात्र दोघांपैकी कुणालाच बीसीसीत ठेवायचं नाही. तिथं एकाला दुसरा दिसलाच नाही, तर ओळख कसली?

काहीजण म्हणतील, मेल कोण वाचतं, तिघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करा. माझा याला विरोध आहे. ग्रुपमध्ये दोघांचे नंबर उघडे पडतात, हिशोबाचा फोटो 'शुभ सकाळ'खाली जातो, आणि तुम्हाला बाहेर पडतानाही अवघडल्यासारखं होतं. व्हॉट्सअॅपचा उपयोग एकच: मेल टाकला की दोघांना वेगवेगळा निरोप द्यायचा, "मेल टाकलाय, स्पॅममध्येही बघा."

गुरुवार उलटला आणि ताईंचं उत्तर नाही, तर शुक्रवारी फोन फक्त ताईंना. सगळ्यांसमोर मेलवर आठवण करून देणं म्हणजे चारचौघांत कान धरणं. तरीही काही झालं नाही तर सरांना एकट्यांना दोन ओळी लिहा: ताईंना सध्या सवड दिसत नाही, तुमची वेळ अडकवून ठेवत नाही. उलट ताईंनी वेळा कळवल्या आणि सरच गप्प असतील, तर पाच कामाच्या दिवसांनी ताईंनी त्याच मेलवर एकदा विचारावं. त्यानंतरही उत्तर नसेल तर सरांना फोन करायचं काम तुमचं, कारण होकार त्यांनी तुम्हाला दिला होता.