‘बरं’ लिहून मोकळं होणाऱ्यांनी काय लिहावं?

आमचे हे कामानिमित्त सुरतेला असतात, मी अमळनेरला. ताप्ती लाइनवर अशी कितीतरी घरं आहेत. एक माणूस उधन्याच्या खोलीवर, बाकीचं कुटुंब इकडे, आणि शनिवार-रविवार पकडून येणं-जाणं. मधले दिवस संसार फोनवर चालतो. त्यात हे स्वभावाने भरभरून बोलणारे. सकाळी उठल्यापासून मेसेज, दुपारी डब्याचा फोटो, रात्री पानभर मजकूर, फारच दाटून आलं तर अहिराणीत व्हॉइस नोट: ‘तुनी भलती याद येस.’ आणि मी? माझ्या माहेरी वडिलांनी आयुष्यभर ‘जेवनी का?’ या दोन शब्दांत सगळी माया बसवली. आखाजीला भाऊ मुराळी म्हणून यायचा तेव्हासुद्धा दारात उभा राहून ‘चल’ एवढंच म्हणायचा. त्याचा डोळा मात्र माझ्या पिशवीवर असायचा, ती जड आहे का हलकी.

अशा घरातल्या माणसाला लोक दोन सल्ले देतात. एक, तू अशीच आहेस, त्यांनी समजून घ्यावं. दुसरा, अगं चार लाल बदाम टाकायचे, काय जातंय! मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात समोरचा माणूस रोज भिंतीशी बोलत राहतो. दुसऱ्यात पितळ उघडं पडतं. जी बाई बारा महिने ‘बरं’ लिहिते तिने एके दिवशी अचानक ‘मिस यू सो मच’ आणि रांगेने बदाम पाठवले, तर नवऱ्याचा पुढचा मेसेज येतो, ‘फोन कोणाच्या हातात आहे?’ (आमच्या एका मामेसासूबाईंच्या बाबतीत हे खरंच घडलं. फोन नातवाच्या हातात होता.)

माझं मत असं की समोरच्याचे शब्द उसने घ्यायची गरजच नाही. त्यांची भाषा त्यांच्यापाशी राहू द्यावी. आपण आपल्याच कमी शब्दांत लिहावं, फक्त ते शब्द त्याच माणसाला, त्याच गोष्टीवर असावेत. उखाण्यात बाकीच्या ओळी सगळ्या गावाच्या असतात, पण नाव एकाच माणसाचं असतं आणि ते ऐकायलाच बायका कान टवकारतात. गुलाबाच्या फोटोवरचं तयार ‘शुभ सकाळ’ यासाठीच फुकट जातं. त्यात नाव नसतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. गेल्या पावसाळ्यातला ह्यांचा एक मेसेज घेऊ (परवानगी काढली आहे, उलट खूश झाले):

‘आज उधन्यात पाऊस सुरू झाला. खिडकीत उभा राहून चहा घेत होतो, पण एकट्याने प्यावासा वाटेना. तुझ्याशिवाय पाऊस म्हणजे नुसतं पाणी गं. तू नसतीस तर माझं काय झालं असतं देव जाणे.’

याला घुम्या माणसाचं पहिलं उत्तर सुचतं ते म्हणजे, ‘इकडे अजून नाही पाऊस.’ हे हवामान खात्याचं उत्तर झालं. दुसरं, ‘काळजी घ्या.’ चुकीचं काही नाही त्यात, पण हे दूधवाल्यालाही लिहिता येतं. तिसरं, शेवटच्या वाक्याला तेवढ्याच उंचीचं वाक्य शोधत बसणं. ‘तुम्ही नसतात तर मी...’ इथे माझा हात थांबतो. ते वाक्य माझ्या तोंडचं नाही. मग वरती ‘टायपिंग’ दिसतं, जातं, परत दिसतं, परत जातं, आणि तिकडे तो माणूस पडद्याकडे बघत बसलेला असतो.

मी लिहिलं ते असं: ‘चहा एकट्याने प्यावासा वाटेना, यापाशी मी थांबले. सकाळी मीपण सवयीने दोन कपांचं पाणी ठेवलं होतं. उरलेला चहा दुपारपर्यंत ओट्यावरच होता. त्या खोलीचा कोपरा यंदाही गळतोय का?’

चारच वाक्यं. यात ‘प्रेम’ नाही, ‘आठवण’ नाही, बदाम नाही. पहिल्या वाक्यात त्यांच्या लांबलचक मजकुरातली एकच गोष्ट उचलली आणि तीही त्यांच्याच शब्दांत परत दिली. म्हणजे वाचलं हे कळतं, नुसती निळी टिक झाली असं नाही. मग माझ्या दिवसातली एक खरी बारीक गोष्ट ठेवली. खरी असणं महत्त्वाचं. दोन कपांचं पाणी ठेवलंच नसतं तर हे वाक्य मी लिहिलं नसतं, कारण शनिवारी घरी आल्यावर अशी गोष्ट बोलण्यात निघतेच. आणि शेवटी प्रश्न, म्हणजे बोलणं माझ्यापाशी येऊन संपत नाही. मोठ्या वाक्याला, ‘तू नसतीस तर’ला, मी हातच लावला नाही. भावनेची सगळी वाक्यं उत्तरासाठी नसतात. काही नुसती सांगायची असतात, आणि बोलक्या माणसाला ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

हे सगळं मी हवेतून आणलेलं नाही. अमेरिकेतल्या शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराने आनंदाची बातमी सांगितली की समोरचा काय करतो, याचे त्यांनी चार प्रकार केले. उत्साहाने आत शिरणं, शांतपणे बरं म्हणणं, दुर्लक्ष करून विषय बदलणं, आणि बातमीतली खोट काढणं. खोट काढणारे आणि दुर्लक्ष करणारे नात्याला मारक, हे आपल्यालाही सांगता आलं असतं. मला धक्का बसला तो दुसऱ्या प्रकाराचा. शांतपणे, मनातून आनंद मानून ‘छान’ म्हणणाऱ्यांची नातीसुद्धा तुलनेने कमी समाधानाची निघाली. म्हणजे आपण ज्याला साधेपणा समजतो तो पलीकडे थंडपणा म्हणून पोचतो.

हे मी घरी लावून बघितलं. ह्यांनी कळवलं, ‘सेठने नव्या मशीनचं खातं माझ्याकडे दिलं!’ माझ्या बोटांवर ‘छान. अभिनंदन.’ हे तयारच होतं. जाऊबाई शेजारी होत्या, त्या म्हणाल्या, ‘आता शनिवारचंपण येणं बंद होईल बघ.’ (हा चौथा प्रकार. आमच्याकडे घरोघरी मुबलक.) मी लिहिलं, ‘कोणतं मशीन? सेठने सगळ्यांसमोर सांगितलं की आत बोलावून? तुम्ही काय म्हणालात?’ त्यावर अर्ध्या तासात आठ मेसेज आले. सेठची नक्कल, शेजारच्या कारागिराचा चेहरा, वाटलेले पेढे, सगळं. बातमी सांगणाऱ्याला ती परत एकदा जगायला मिळाली, आणि माझी त्यात तीनच वाक्यं गेली, तिन्ही प्रश्न.

अबोल माणसांच्या लक्षात येत नाही ते हेच. विशेषणं आपल्याला जमत नसतील, पण प्रश्न जमतात. कमी बोलणाऱ्याने ऐकलेलं पुष्कळ असतं. मागच्या आठवड्यात त्यांची पाठ धरली होती, खोलीवरचा जोडीदार गावाला गेला होता, मेसवाल्याने भाव वाढवला होता, हे सगळं आपल्याला पाठ असतं. ते लिहीत मात्र नाही आपण. ‘पाठ कशी आहे? परवा तेल संपलं म्हणाला होतात’ या वाक्यात जी ऊब आहे ती कुठल्याही शेरात नाही. दोन दिवसांपूर्वीचं बोलणं लक्षात ठेवून आपणहून काढणं हा माझ्या मते सगळ्यात हमखास उपाय. कारण बोलक्या माणसाची खरी तक्रार ‘तू कमी लिहितेस’ ही नसते. ‘नेहमी मीच सुरुवात करतो’ ही असते.

दु:खाच्या मेसेजला मात्र प्रश्नांची सरबत्ती चालत नाही. ‘आज फार एकटं वाटतंय’ याला आपण लगेच उपाय सांगतो. बाहेर फिरून या, लवकर झोपा, आईंना फोन लावा. तिथे आधी एक वाक्य नुसतं त्या एकटेपणाला द्यावं, ‘रविवारी निघताना तुमचा पाय निघत नव्हता, ते दिसलं होतं मला’. आणि मग जमलं तर सरळ फोन लावावा. लिहिण्यात सूर पोचत नाही. मायेने लिहिलेलं ‘झोपा आता’ पलीकडे ‘डोकं खाऊ नका’ असं वाचलं जातं. आपल्या मनात आवाज वाजत असतो, म्हणून तो अक्षरातही उतरला असं आपल्याला वाटतं.

प्रत्येक मेसेजला एवढं करायचं का? मुळीच नाही. डब्याचा फोटो, ट्रॅफिक, व्हिडिओ यांना अंगठा पुरे. आनंदाची बातमी, मन भरून आलेलं, आणि आपल्याबद्दल काही गोड म्हटलेलं, या तिघांना शब्द हवेत. शाळेत वर्ग चालू असेल तर ‘वर्गात आहे, हे रात्री नीट वाचून लिहिते’ एवढं कळवते, आणि रात्री खरंच लिहिते. न लिहिता झोपलं तर ते वाक्य न पाठवलेलं परवडतं.

कमी पडतंय हे ओळखायची खूण सोपी आहे. पलीकडचे मेसेज लांबायला लागतात. ‘वाचलंस ना?’, नुसतं प्रश्नचिन्ह, मग जास्त मोठी वाक्यं, जास्त बदाम. तो माणूस आवाज चढवतो कारण ऐकू गेलं नाही असं त्याला वाटतं. आवाज चढला की आपण आणखी आक्रसतो, आणि हे चाक फिरत राहतं. हे वेळेत मोडायचं तर लांब मेसेजला लांब उत्तर लागत नाही, लवकर आलेलं छोटं उत्तर लागतं.

पण याची एक हद्द आहे. ‘तूपण म्हण ना’, ‘मी चार ओळी लिहिल्या, तू एकच’, ‘अकराला ऑनलाइन होतीस मग उत्तर का नाही’ हे भावुकपण नाही, ही हजेरी आहे. ती घेणाऱ्याला कितीही प्रेमळ उत्तरं द्या, रजिस्टर भरत नाही. तिथे मेसेज कसा लिहावा हा प्रश्नच उरत नाही, समोरासमोर बसून बोलावं लागतं.

आणि वाढदिवसाला स्टेटस मी ठेवत नाही. ह्यांची फार इच्छा असते. माझ्या वाढदिवसाला ते फोटोंची अख्खी माळ लावतात, गावभर दिसते. मी म्हटलं, तुमच्यासाठी लिहायचं ते तुम्हाला लिहीन, पानभर लिहीन, पण माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि तुमच्या काकांना ते वाचायला देणार नाही. यावर आमचं अजून एकमत नाही. नणंदबाई त्यांच्या बाजूने आहेत.