सेफ्टी स्टॉक काढताना कमालला कमालने गुणू नका

"सेफ्टी स्टॉकला स्टॅटिस्टिक्स लागत नाही. रोजच्या सर्वांत जास्त खपाला सर्वांत जास्त लीड टाइमने गुणा आणि त्यातून सरासरी खप गुणिले सरासरी लीड टाइम वजा करा. एवढा माल ठेवला की लाइन कधीच थांबत नाही. स्टॉक जड वाटला तर जवळचा सप्लायर शोधा, लीड टाइम कमी झाला की स्टॉक आपोआप उतरतो."

हा सल्ला कितपत बरोबर आहे ते एकच आयटम घेऊन बघू. भोसरीत पंप बनवणारा एक कारखाना आहे आणि पंपाच्या बॉडीचं कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतं. आकडे मी हिशोबाला सोपे पडावेत असे गोल घेतलेत. रोजचा खप सरासरी 40 नग, प्रमाण विचलन 12 नग, आणि एखाद्या दिवशी खप 70 पर्यंतही गेलाय. मागच्या दहा पीओंना लागलेले कामाचे दिवस असे: 6, 7, 7, 7, 8, 9, 9, 9, 12, 16. सरासरी 9 दिवस. प्रमाण विचलन 2.98, म्हणजे 3 धरू.

वरच्या हिशोबाने 70 × 16 मधून 40 × 9 गेले की 760 नग उरतात. यात काय गृहीत धरलंय ते पाहा. माल सोळा दिवस आला नाही, आणि त्या सोळाच्या सोळा दिवस खप 70 च राहिला. असं होत नाही. आज 70 गेले तर उद्या 35 जातात, परवा 28. दिवस वाढतात तसे चढउतार एकमेकांना खात जातात, म्हणून विचलन दिवसांच्या पटीत वाढत नाही, दिवसांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं. सोळा दिवसांचा सरासरी खप 640 नग आणि त्याचं विचलन 12 × 4 = 48 नग. 1120 हा आकडा सरासरीपासून दहा विचलनं लांब आहे. सर्वांत उशिरा आलेला लॉट पुन्हा तितकाच उशिरा आला आणि त्याच वेळी खपही बऱ्यापैकी चढा राहिला, तरी त्या सोळा दिवसांत 1120 नाही, एकूण 720 च्या आसपास नग लागतील. कास्टिंग 380 रुपयांचं असेल तर 760 नग म्हणजे 2,88,800 रुपये, तेही एकाच आयटमवर.

मग बरोबर आकडा कसा काढायचा? ऑर्डर टाकल्यापासून माल हातात येईपर्यंत दोन गोष्टी हलतात, खप आणि लीड टाइम. दोघांचा हिशोब आधी वेगवेगळा करायचा.

खपाचा भाग: 9 दिवस × 12 चा वर्ग = 1296. लीड टाइमचा भाग: सप्लायर एक दिवस चुकला की 40 नगांचा फरक पडतो, म्हणून 40 चा वर्ग × 3 चा वर्ग = 14400. दोन्हींची बेरीज 15696 आणि तिचं वर्गमूळ साधारण 125 नग. वर्ग करून मग बेरीज करायची हे महत्त्वाचं आहे. दोन्ही स्टॉक स्वतंत्र काढून नंतर जोडले तर आकडा फुगतो, कारण खपाचा वाईट आठवडा आणि ट्रकचा वाईट आठवडा दर वेळी एकत्र येत नाहीत.

आता किती खात्री हवी ते ठरवायचं. शंभरातल्या 95 ऑर्डरी माल न संपता निभावाव्यात असं असेल तर गुणक 1.645. स्टॉक येतो 206 नग, आणि रीऑर्डर लेव्हल 360 + 206 = 566. शीटमध्ये एका ओळीत:

```
=NORM.S.INV(0.95)*SQRT(9*12^2+40^2*3^2)
```

99 टक्क्यांना 0.99 घाला, 291 येईल. 760 चा आकडा म्हणजे गुणक सहाच्या वर. इतकी खात्री कुणी मागितली नव्हती, पण पैसे तेवढे अडकले.

दोन चुका इथे हमखास होतात. एक म्हणजे विचलन आठवड्याच्या खपावरून काढायचं आणि लीड टाइम दिवसांत ठेवायचा. दुसरी म्हणजे लीड टाइम गेट एंट्रीपर्यंत मोजायचा. तो पीओच्या तारखेपासून क्यूसी पास होऊन माल स्टोअरला चढेपर्यंत मोजा. कास्टिंग दोन दिवस इन्स्पेक्शनला पडून असेल तर लाइनच्या दृष्टीने ते आलेलंच नाही.

जवळच्या सप्लायरचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यामुळे लोक चुकीच्या जागी घासाघीस करतात. समजा, सरासरी लीड टाइम 9 वरून 6 दिवसांवर आणला, पण पुढेमागे होणं तसंच 3 दिवसांचं राहिलं. वर्गमुळाखाली 864 + 14400. स्टॉक 203. म्हणजे फक्त तीन नग उतरले! वाटेतला माल आणि रीऑर्डर लेव्हल कमी होईल हे खरं, पण सेफ्टी स्टॉक जागचा हलत नाही. आता उलट करा. फाउंड्री कोल्हापुरातलीच, 9 दिवसही तेच, फक्त विचलन 3 वरून 1 वर आलं. वर्गमुळाखाली 1296 + 1600 आणि स्टॉक 89. निम्म्याहून कमी. म्हणून सप्लायरशी बोलताना "लवकर द्या" म्हणण्याआधी सोळा दिवस लागलेल्या त्या एका लॉटचं कारण विचारा. पॅटर्न दुसऱ्या कामात अडकला होता, की ट्रक भरेपर्यंत माल थांबवला होता? दुसरं कारण असेल तर ठरलेल्या वारी अर्धा ट्रक निघेल एवढं ठरवलं तरी काम होतं.

राहिलं "कधीच". ही हमी 206 लासुद्धा नाही. आपलीच यादी पुन्हा बघा: सोळा दिवसांच्या लॉटला 640 नग लागले असते आणि 566 वर ऑर्डर टाकली असती तर 74 नग कमी पडले असते. म्हणजे विसात एकदा म्हणणारं सूत्र या यादीत दहात एकदा चुकलं. कारण लीड टाइम घंटेच्या आकारात बसत नाही. माल चार दिवस लवकर क्वचितच येतो, सात दिवस उशिरा मात्र येऊ शकतो. म्हणून आकडा काढल्यावर तो जुन्या पीओंवर लावून किती वेळा माल संपला असता ते मोजा. जास्त वेळा संपत असेल तर टक्का वाढवा. भट्टी महिनाभर बंद पडली तर कुठलाच सेफ्टी स्टॉक पुरणार नाही, त्याला दुसरा मंजूर सप्लायर लागतो.

आणखी एक मर्यादा आहे, आणि पंपाच्या धंद्यात ती दरवर्षी भेटते. सूत्र धरून चालतं की खप आणि लीड टाइम यांचा एकमेकांशी संबंध नाही. उन्हाळ्याआधी तुमचा खप चढतो तेव्हा त्याच फाउंड्रीकडे इतर पंपवाल्यांच्या ऑर्डरीही चढतात, आणि नेमका तेव्हाच माल लांबतो. अशा आयटमला दोन भाग वेगळे करू नका. प्रत्येक जुन्या पीओसाठी, ऑर्डरच्या तारखेपासून माल स्टोअरला चढेपर्यंत एकूण किती नग लागले ते इश्यू स्लिपांवरून मोजा. माल नव्हता म्हणून निघालेच नाहीत ते नगही त्यात धरा, नाहीतर टंचाईच्या दिवसांत खप कमी दिसतो. या बेरजांचं प्रमाण विचलन काढा आणि 125 च्या जागी ते वापरा.